‘वडील सिरीयस आहेत’ हे इंग्रजीत कसं सांगायचं?

प्रश्न : मी औशाजवळचा, पुण्यात आयटी कंपनीत आहे. वडिलांना अटॅक आला तेव्हा लंडनच्या मॅनेजरला घाईघाईत मेल टाकला : ‘माय फादर इज सिरीयस. ही गॉट अटॅक यस्टरडे नाइट. ही हॅज शुगर ऑल्सो. आय ॲम व्हेरी नर्व्हस, प्लीज गिव्ह लीव्ह.’ त्यांनी उलट विचारलं, हल्ला कुणी केला, पोलिसांत कळवलं का? वडील आता बरे आहेत. पण मेलमधला एकही शब्द अवघड नव्हता. मग ओळखीच्याच शब्दांत माणूस असा कसा फसतो? असे शब्द ओळखायचे कसे?

उत्तर : वडील सावरले हे सगळ्यात महत्त्वाचं. आता शब्दांकडे येऊ.

तुम्ही फसलात ते शब्द ओळखीचे होते म्हणूनच. अनोळखी शब्द आडवा आला की माणूस थांबतो, डिक्शनरी बघतो, कुणाला तरी विचारतो. ‘नर्व्हस’साठी कोण डिक्शनरी उघडणार? पण जरा आठवून बघा, हे चार शब्द तुम्ही शिकलात कुठे? इंग्रजीच्या पुस्तकात नाही. आजीच्या तोंडून, मेडिकलवाल्याच्या काउंटरवर, दवाखान्याच्या बाकड्यावर शिकलात. ‘अटॅकनं गेला’, ‘शुगरची गोळी’, ‘लई सिरीयस केलं पेशंटला’ असं आपण बिनदिक्कत बोलतो. म्हणजे हे शब्द आता मराठीच आहेत. त्यांना मराठी प्रत्यय लागतात आणि त्यांचा अर्थही मराठीनं आपल्या गरजेप्रमाणे कापून-शिवून घेतलेला आहे. त्याच चेहऱ्याचा एक इंग्रजी शब्द तिकडे वेगळ्या अर्थानं नांदतोय, हे आपल्या ध्यानात राहत नाही.

मी छत्रपती संभाजीनगरात इंग्रजी शिकवतो. माझ्याकडे नर्सिंगच्या मुली येतात, वेरूळ-अजिंठ्याला गाड्या नेणारे ड्रायव्हर येतात आणि पुण्याची वाट धरलेली इंजिनिअर पोरंही येतात. या तिघांच्या चुका वेगळ्या असतील असं वाटतं, पण या बाबतीत सगळे एकाच जागी घसरतात. आणि ज्याचं इंग्रजी कच्चं आहे तो कमी घसरतो. तो हातवारे करतो, दोनदा सांगतो, समोरच्याचा चेहरा बघतो. ज्याला सफाईनं बोलता येतं, तो सांगून मोकळा होतो.

‘अटॅक’पासून सुरुवात करू, कारण पोलीस तिथूनच आले. मूळ शब्द ‘हार्ट अटॅक’. मराठीनं त्यातलं ‘हार्ट’ टाकून दिलं, कारण आपल्याकडे नुसतं ‘अटॅक आला’ म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. मारामारीसाठी आपल्याकडे ‘हल्ला’ हा शब्द आहेच, त्यामुळे घोळ होत नाही. इंग्रजीत मात्र नुसत्या ‘अटॅक’चा पहिला अर्थ हल्ला हाच. दम्याचा अटॅक, पॅनिक अटॅक असे प्रयोग तिकडेही होतात, पण तिथं कशाचा अटॅक ते बहुधा सांगितलेलं असतं किंवा आधीच्या बोलण्यातून कळलेलं असतं. आता तुमचं वाक्य त्या मॅनेजरच्या नजरेनं वाचा. ‘ही गॉट अटॅक.’ मध्ये ‘अ’ किंवा ‘ॲन’ नाही, म्हणजे काहीतरी सुटलंय हे त्याला दिसतं. सुटलेलं भरून काढायला वाचणारा सगळ्यात सोपा इलाज करतो. शेवटी दोन अक्षरं जोडली की ‘गॉट अटॅक्ड’ होतं, वाक्य व्याकरणात बसतं आणि अर्थ होतो ‘त्यांच्यावर हल्ला झाला’. गाळलेलं ‘हार्ट’ परत आणून बसवणं त्याला सुचणार कुठून? त्यात आधीचं वाक्य होतं ‘माय फादर इज सिरीयस’. त्याचा अर्थ लागेना, म्हणून त्यानं पुढच्या वाक्यावर जास्त भिस्त ठेवली.

‘सिरीयस’चं दुखणं निराळं आहे. इथं शब्द चुकलेला नाही, त्याची जागा चुकली आहे. तब्येतीसाठी हा शब्द इंग्रजीत चालतो. ‘द पेशंट इज इन अ सिरीयस कंडिशन’ हे शुद्ध इंग्रजी आहे, आणि हॉस्पिटलची निवेदनं अशीच असतात. पण तिथं सिरीयस आहे ती कंडिशन. माणसालाच सिरीयस म्हटलं की अर्थ होतो, तो थट्टा करत नाहीये, मनापासून बोलतोय किंवा स्वभावानंच गंभीर आहे. म्हणजे तुमच्या मेलचं पहिलं वाक्य त्याला ‘माझे वडील थट्टेच्या मूडमध्ये नाहीत’ असं काहीसं वाटलं असणार. मराठीत आपण ‘कंडिशन’ गाळली आणि विशेषण सरळ माणसाला चिकटवलं. तुम्हाला म्हणायचं होतं ‘ही इज सिरीयसली इल’ किंवा ‘ही इज इन अ क्रिटिकल कंडिशन’.

‘शुगर’ही याच जातीचा. रक्तातली साखर तपासायची म्हणून ‘ब्लड शुगर’, त्यातलं ‘ब्लड’ गेलं आणि तपासणीचं नाव रोगाला लागलं. गंमत म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जुन्या पिढीच्या बोलीतही मधुमेहाला शुगर म्हणतात, पण लंडनच्या मॅनेजरला त्याचा काय उपयोग? ‘ही इज डायबेटिक’ किंवा ‘ही हॅज डायबेटिस’ म्हणायचं. ‘बीपी’चंही तसंच. ‘आय हॅव बीपी’ म्हणणाऱ्याला डॉक्टर मनात म्हणत असेल, बीपी प्रत्येकाला असतं, म्हणून तर जिवंत आहात. तिथं ‘हाय’ सांगावंच लागतं. नर्सिंगच्या मुलींकडून मी हे एवढे शब्द घोटून घेतो, कारण आखातात किंवा आयर्लंडमध्ये ड्यूटी लागली की पेशंटचा इतिहास लिहिताना अर्धवट शब्द चालत नाही.

आता ‘नर्व्हस’. माझ्या मते या सगळ्यांत फसवा हाच, कारण इथं काही गाळलेलं दिसत नाही आणि वाक्यही बरोबर वाटतं. मराठीत नर्व्हस म्हणजे उदास, खट्टू, खचलेला. ‘मार्क कमी पडले म्हणून पोरगं नर्व्हस झालंय’, ‘लग्न मोडल्यापासून नर्व्हसच असतो’. इंग्रजीतला नर्व्हस माणूस उदास नसतो, तो धास्तावलेला असतो. पुढं काय होईल या विचारानं त्याच्या पोटात गोळा येतो, हात थरथरतात. फरक काळाचा आहे. इंग्रजीतलं नर्व्हस होणं गोष्ट घडायच्या आधीचं, मराठीतलं बहुतेक वेळा घडून गेल्यानंतरचं.

क्रिकेट बघणाऱ्याला हे पटकन कळतं. ‘नर्व्हस नाइंटीज’ आपण सगळेच म्हणतो. बॅट्समन ९० च्या पुढं गेला की शतक होतंय की नाही या धास्तीनं चाचपडत खेळतो, हा नर्व्हसचा अस्सल इंग्रजी अर्थ. तोच बॅट्समन ९९ वर आउट होऊन मान खाली घालून निघाला की आपण म्हणतो, ‘बिचारा नर्व्हस झाला.’ इथं आपण मराठी बोललो. इंग्रजीत आता तो ‘डिसअपॉइंटेड’ आहे किंवा ‘अपसेट’ आहे. एकाच डावात दोन्ही अर्थ आपल्या तोंडून निघतात आणि आपल्याला पत्ता नसतो.

तुमच्या मेलमध्ये खरं तर हा शब्द दोन्ही अर्थांनी चालला असता, कारण वडिलांचं पुढं काय होणार याची धास्ती होतीच. पण परदेशातला माणूस नर्व्हस म्हणतो ते इंटरव्ह्यूच्या, विमानप्रवासाच्या, भाषणाच्या बाबतीत. बाप आयसीयूत असताना ‘नर्व्हस’ फार हलका पडतो. तिथं ‘आय ॲम व्हेरी वरीड’.

माझ्याकडच्या ड्रायव्हर मंडळींची गोष्ट सांगतो, म्हणजे हे दवाखान्यापुरतं नाही हे कळेल. एक जण परदेशी नवरा-बायकोला घेऊन वेरूळला गेला होता. कैलास लेणं, म्हणजे १६ नंबर, बघून झालं. दुपार टळत आली होती, याच्या पोटात कावळे ओरडत होते. हा अदबीनं म्हणाला, ‘मॅडम, नाऊ वी गो टू हॉटेल.’ बाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, आम्हाला ३० ते ३४ नंबरची जैन लेणी बघायची आहेत, इतक्यात परत कशाला? याला वाटलं, यांना जेवायचं नाही. त्यांना वाटलं, याला आपल्याला मुक्कामाच्या ठिकाणी सोडून दुसरं भाडं मारायचंय. तिघंही उपाशी, आणि तिघंही मनातून नाराज. क्लासमध्ये आल्यावर मला म्हणतो, ‘सर, मी तर जेवायलाच चला म्हणलो होतो.’

मराठीत हॉटेल म्हणजे जिथं चहा, भजी, जेवण मिळतं ती जागा. चार पत्रे आणि एक भट्टी असली तरी ते हॉटेलच. झोपायची सोय असेल तर आपण ‘लॉज’ म्हणतो. इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा, आणि लॉज म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर डोंगरातलं, जंगलातलं घर येतं. दोन्ही शब्द इंग्रजी, दोन्हींची आपण जागा बदलली. ड्रायव्हर मंडळींना मी ‘रेस्टॉरंट’ पाठ करायला लावत नाही. जागेचं नावच घेऊ नका, काय करायचंय ते सांगा, एवढंच सांगतो. ‘शॅल वी स्टॉप फॉर लंच?’ म्हटलं की पत्र्याचं हॉटेल असो की मोठं रेस्टॉरंट, काही फरक पडत नाही.

तिथंच टेबलावर पुढचा खड्डा असतो, मटणाचा. ब्रिटिश पाहुण्याच्या लेखी मटण म्हणजे वयात आलेल्या मेंढीचं मांस. आपल्याकडे ते सहसा बोकडाचं. आधी सांगून टाकलेलं बरं, ‘इट्स गोट.’

‘फॅमिली’बद्दल मात्र मला थोडं बोलायचंय, कारण या शब्दावरून आपल्या माणसांची उगाच टर उडवतात. ‘माय फॅमिली इज अ टीचर’ हे वाक्य ऐकून पुण्या-मुंबईकडचे हसतात. पण हे अडाणीपणातून आलेलं नाही. जुनी माणसं बायकोचं नाव घेत नसत. ‘आमचं कुटुंब माहेरी गेलंय’, ‘मंडळींना विचारून सांगतो’ असं म्हणायची रीत होती आणि त्यात कुटुंब म्हणजे बायको, मंडळी म्हणजेही बायकोच. इंग्रजी आलं तेव्हा लोकांनी ‘कुटुंब’चं रीतसर ‘फॅमिली’ केलं. लाज राखायची ती मराठीतलीच, कपडा फक्त नवा. म्हणून मराठी बोलताना ‘फॅमिलीला घेऊन आलो’ म्हणणाऱ्याला दुरुस्त करायला जाऊ नका. इंग्रजी बोलताना, विशेषतः व्हिसाच्या किंवा विम्याच्या फॉर्मवर, ‘वाइफ’ लिहा. तिथं फॅमिली म्हणजे मुलंबाळं, आईवडील सगळे, आणि आकडा चुकला की कागद परत येतो.

इंटरव्ह्यूला बसणाऱ्या पोरांसाठी आणखी एक-दोन. ‘माय फादर इज इन प्लॉटिंग.’ आपल्याकडे शेत एनए करून, तुकडे पाडून विकलं की ते प्लॉटिंग. इंग्रजीत माणूस प्लॉटिंग करतोय म्हणजे कट शिजवतोय, नाहीतर आलेख काढतोय. ‘ही सेल्स रेसिडेन्शियल प्लॉट्स’ म्हणा. ‘वी टूक बोअर, बट नो वॉटर’ हे वाक्य आपल्याला वाचताक्षणी दुःखद वाटतं, बाहेरच्याला त्याचा काही बोधच होत नाही, कारण ‘बोअर’ म्हटलं की त्याला कंटाळवाणा माणूस आठवतो. ‘वी ड्रिल्ड अ बोअरवेल’ म्हणायचं. ‘लाइट गेली’ याचं ‘पॉवर कट’ होतं. नुसता लाइट गेला म्हणजे बल्ब उडाला.

आता तुमच्या मनात कदाचित दुसऱ्या प्रकारचे सारखे शब्दही असतील, जे निव्वळ योगायोगानं जुळतात. गोदावरीवरचा पूल आणि पोहायचा ‘पूल’. घरातली सून आणि ‘लवकर’ या अर्थाचा ‘सून’. मोरे आडनाव रोमन अक्षरांत लिहिलं की परदेशातला माणूस ‘मोअर’ वाचतो. चौथी-पाचवीतली लेकरं यात फसतात. ‘देअर इज अ पूल ऑन द रिव्हर’ असं निबंधात लिहिलेलं मी वाचलंय. मोठी माणसं फसत नाहीत, कारण दोन्ही अर्थ एकमेकांपासून इतके लांब आहेत की वाक्यात गोंधळ झाला तर लगेच हसू येतं. धोका जवळच्या अर्थांत असतो. उदास आणि धास्तावलेला, जेवायची जागा आणि झोपायची जागा, बायको आणि कुटुंब. अर्थ शेजारी-शेजारी असले की चुकीचं वाक्यही अर्थपूर्ण निघतं, आणि ऐकणारा तो चुकीचा अर्थ घेऊन निमूट पुढं जातो. तुमच्या मॅनेजरनं विचारलं तरी. बहुतेक जण विचारत नाहीत.

ओळखायचं कसं, तर मी एकच रीत शिकवतो. जो इंग्रजी शब्द तुम्ही मराठी बोलतानाही वापरता, त्याच्यावर संशय घ्या. ज्याला मराठीत प्रत्यय लावून बोलता, ‘शुगरची’, ‘हॉटेलात’, ‘अटॅकनं’, त्याच्यावर जास्तच. मग त्याला बाजूला ठेवून तीच गोष्ट जुन्या मराठीत सांगा, जणू समोर तुमचे पणजोबा बसलेत. ‘नर्व्हस झालो’ याचं ‘खचलो’ होतं की ‘धास्तावलो’, ते आधी ठरवा. ‘अटॅक आला’ याचं ‘हृदयविकाराचा झटका आला’ होतं. आता या मराठीचं इंग्रजी करा. ‘हृदयविकार’ तोंडात आला की ‘हार्ट’ विसरणं शक्यच नाही. सगळा मार्ग अर्थावरून जातो, आवाजावरून जात नाही. पहिले काही दिवस वेळ लागतो, बोलताना अडखळायला होतं, म्हणून ही सवय आधी लिहिताना लावा.

शंका उरलीच तर इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी बघा, इंग्रजी-मराठी नको. इंग्रजी-मराठीत ‘सिरीयस’पुढं ‘गंभीर’ लिहिलेलं असतं, आणि ‘वडील गंभीर आहेत’ हे मराठीत चालतं, म्हणजे तुमची चूक डिक्शनरीनं पक्कीच केली. शिकणाऱ्यांच्या डिक्शनरीत उदाहरणाची वाक्यं असतात. तिथं शब्द कुणाच्या शेजारी बसलाय ते बघायचं. सिरीयसच्या शेजारी कंडिशन, इलनेस, इंजुरी दिसतील. नुसता आजारी माणूस दिसणार नाही. ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत काही अर्थांपुढं ‘इंडियन इंग्लिश’ अशी खूणही असते. ती दिसली की समजायचं, हा अर्थ आपल्याकडे चालतो, बाहेर चालेलच असं नाही.

तुमचा मेल या रीतीनं असा झाला असता : ‘माय फादर हॅड अ हार्ट अटॅक लास्ट नाइट अँड इज इन अ क्रिटिकल कंडिशन. ही इज ऑल्सो डायबेटिक. आय ॲम व्हेरी वरीड अँड नीड टू ट्रॅव्हल टू लातूर टुडे. कुड आय प्लीज टेक लीव्ह टिल फ्रायडे?’ ‘यस्टरडे नाइट’चं ‘लास्ट नाइट’ केलं ते जाता-जाता, त्यानं अर्थ अडत नव्हता. शेवटी किती दिवस सुट्टी हवी तेही घातलं, कारण ते तुमच्या मेलमध्ये नव्हतंच आणि मॅनेजरला त्याच उत्तराची खरी गरज होती.

आता याचा अतिरेक करू नका, हेही सांगतो. हा मेल नांदेडच्या किंवा हैदराबादच्या मॅनेजरला गेला असता तर त्यानं पोलिसांचं नाव काढलं नसतं, ‘टेक केअर’ म्हणून लगेच सुट्टी दिली असती. भारतात भारतीयांशी बोलताना ‘अटॅक’, ‘शुगर’, ‘हॉटेल’ चालतात आणि त्यात कमीपणा नाही. ‘आय पास्ड आउट इन २०२२’ हे तर पुण्यातल्या प्रत्येक इंटरव्ह्यूत ऐकू येतं. बाहेर त्याचा पहिला अर्थ ‘मी बेशुद्ध पडलो’ असा होतो. लष्करातल्या पोरांनी पासिंग आउट परेड केली असेल तर त्यांचं म्हणणं ब्रिटनमध्येही बरोबर, कारण तो शब्द तिथलाच आहे. बाकीच्यांनी परदेशी कॉल असेल तेव्हा ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणावं, आणि कॉल संपला की मित्राला खुशाल ‘पास आउट कधीचा?’ विचारावं.